डेबिट कार्ड हरवलं तर: ब्लॉक करण्यापासून नवं कार्ड हातात येईपर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न लोक पुन्हापुन्हा विचारतात तसेच ठेवले आहेत. उत्तरं भारतातल्या बँकांच्या डेबिट कार्डांना लागू आहेत. कार्ड आत्ताच हरवलं असेल तर आधी प्रश्न १ आणि ३ वाचून तेवढं करा आणि मग बाकीचं वाचा.

१. कार्ड सापडत नाहीये. आधी घरभर शोधू की आधी बंद करू?

आधी बंद करा, मग शोधा. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या विभागात कार्ड चालू-बंद करायची सोय असते. ते बटण बंद केलं की एटीएम, दुकान, ऑनलाइन असे कार्डावरचे नवे व्यवहार नाकारले जातात. कार्ड कोटाच्या खिशात सापडलं तर तेच बटण पुन्हा चालू करायचं, नवं कार्ड मागवायची गरज नाही. त्यामुळे “कदाचित घरातच असेल” म्हणून थांबण्यात काहीच फायदा नाही.

मात्र हे बंद करणं तात्पुरतं असतं. तासा-दोन तासांत कार्ड मिळालं नाही, किंवा ते बाहेर पडलं याची खात्री असेल, तर कायमचं ब्लॉक करा.

२. तात्पुरतं बंद करणं आणि कायमचं ब्लॉक करणं यात फरक काय?

तात्पुरतं बंद केलेलं कार्ड तुम्ही स्वतः चालू करू शकता. बँकेच्या लेखी ते अजून तुमचंच, वापरातलं कार्ड असतं आणि ते हरवल्याची कुठलीही नोंद झालेली नसते. पुढे पैशांचा वाद झाला तर ही नोंद नसणं महागात पडतं.

कायमचं ब्लॉक करणं म्हणजे ‘हे कार्ड हरवलं’ असं बँकेला कळवणं. बँकेतले लोक याला हॉटलिस्ट करणं म्हणतात. त्याचा तक्रार क्रमांक मिळतो, वेळ नोंदली जाते आणि तो कार्ड नंबर सहसा पुन्हा चालू होत नाही. कारण विचारलं जाईल तेव्हा ‘हरवलं’ किंवा ‘चोरीला गेलं’ हेच निवडा. ‘खराब झालं’ हे कारण निवडल्यास काही बँकांत नवं कार्ड येईपर्यंत जुनं चालूच राहतं.

३. ब्लॉक करायचं नेमकं कसं? फोन करू की ॲपवरून?

ॲप किंवा नेट बँकिंग हाताशी असेल तर तेच सगळ्यांत लवकर होतं. कार्डाच्या विभागात जा, हरवलेलं कार्ड निवडा (एकाहून जास्त कार्डं असतील तर शेवटचे चार आकडे जुळवून बघा), कारण द्या आणि ओटीपी टाका. शेवटच्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट ठेवा.

ॲप नसेल तर बँकेच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करा. कार्ड हरवल्याची तक्रार रात्रंदिवस घेणं बँकांना बंधनकारक आहे. फोन शक्यतो नोंदणीकृत मोबाईलवरूनच करा, ओळख पटवणं सोपं जातं. कार्ड हातात नसल्यामुळे पूर्ण नंबर सांगता येणार नाही, पण खाते क्रमांक आणि जन्मतारीख यांवर काम होतं. फोन ठेवण्याआधी तक्रार क्रमांक विचारून घ्या आणि त्याच्या शेजारी तारीख, वेळ लिहा. प्रश्न ८ मध्ये याच वेळेवर सगळं अवलंबून असणार आहे.

इथे एक धोका आहे आणि घाबरलेल्या माणसाला तो दिसत नाही. बँकेचा नंबर इंटरनेटवर शोधला की भामट्यांनी टाकलेले खोटे नंबरही समोर येतात. नंबर पासबुकावरून, चेकबुकावरून किंवा बँकेचा पत्ता स्वतः टाइप करून उघडलेल्या संकेतस्थळावरूनच घ्या. ब्लॉक करण्यासाठी समोरच्या माणसाला पिन किंवा सीव्हीव्ही सांगावा लागत नाही, आणि मोबाईलवर कुठलंही ॲप उतरवून घ्यावं लागत नाही. फोन चालू असताना ओटीपी आला तर तो मेसेज शेवटपर्यंत वाचा. त्यात रक्कम किंवा दुकानाचं नाव असेल तर तो कार्ड बंद करण्याचा नाही, पैसे काढण्याचा ओटीपी आहे. फोन तिथेच ठेवा.

४. पिन मला एकट्यालाच माहीत आहे. मग कार्ड मिळालेला माणूस काय करू शकणार?

पिनशिवाय दोन गोष्टी होऊ शकतात. पहिली म्हणजे कार्ड मशीनला नुसतं टेकवून पैसे देणं. कार्डावर आडव्या लहरींसारखं चिन्ह असेल आणि ही सोय तुम्ही चालू केलेली असेल तर ५,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला पिन लागत नाही. ही मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून आहे, त्याआधी ती २,००० होती. दिवसभरात असे किती व्यवहार होतील, हे तुमच्या कार्डाच्या मर्यादेवर ठरतं.

दुसरी म्हणजे परदेशी संकेतस्थळांवरची खरेदी. आपल्याकडच्या ऑनलाइन व्यवहाराला ओटीपी लागतो. परदेशातले अनेक विक्रेते मात्र कार्ड नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही एवढ्यावरच पैसे घेतात, आणि हे तिन्ही कार्डावर छापलेलं असतं. आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद ठेवलेले असतील तर हा मार्ग बंद राहतो.

५. कार्ड ब्लॉक केलं की यूपीआयही बंद होतं का?

नाही. यूपीआय खात्याला जोडलेलं असतं, कार्डाला नाही. ते चालू राहतं, नेट बँकिंग आणि चेकही चालू राहतात. नवं कार्ड येईपर्यंत रोख हवी असेल तर शाखेत पैसे काढायची स्लिप भरून किंवा चेकने घेता येते. काही एटीएमवर यूपीआयने क्यूआर कोड स्कॅन करूनही पैसे निघतात.

एकच गोष्ट अडते. कार्डाच्या आधारे यूपीआय पिन नव्याने ठरवायचा असेल तर शेवटचे सहा आकडे आणि मुदत लागते, आणि ब्लॉक झालेल्या कार्डाची ही माहिती चालत नाही. तोवर आधारचा पर्याय वापरा किंवा नव्या कार्डाची वाट पाहा.

६. पाकीट आणि मोबाईल दोन्ही एकदम गेले. आता?

हे नुसतं कार्ड हरवण्यापेक्षा बरंच गंभीर आहे. कार्डावर मुदत आणि आकडे आहेत, मोबाईलमध्ये ओटीपी येणारं सिम आहे, म्हणजे नवा यूपीआय पिन ठरवण्याचं बरंचसं साहित्य एकाच माणसाच्या हातात गेलं आहे. दुसऱ्याच्या फोनवरून आधी बँकेला फोन करून कार्डाबरोबर यूपीआय आणि मोबाईल बँकिंगही बंद करायला सांगा. लगेच मोबाईल कंपनीला फोन करून सिम बंद करा. त्याच नंबरचं नवं सिम आल्यावर मगच बाकीचं चालू करा.

अशा वेळी खात्यातून पैसे गेल्याचे मेसेज तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून शाखेत जाऊन किंवा दुसऱ्या उपकरणावरून नेट बँकिंग उघडून व्यवहार त्याच दिवशी पाहा.

७. स्टेटमेंट कुठल्या तारखेपासून तपासायचं आणि त्यात बघायचं काय?

बहुतेक लोक कार्ड नाही हे लक्षात आलं त्या दिवसापासून बघतात, आणि तिथेच चूक होते. सुरुवात करायची ती कार्ड तुम्ही स्वतः शेवटचं वापरलंत त्या व्यवहारापासून. सोमवारी दुकानात कार्ड वापरलं आणि गुरुवारी ते नाही हे कळलं, तर कार्ड सोमवारपासून कुणाकडेही असू शकतं. मधले तीन दिवस ओळ न ओळ वाचायला हवेत.

ॲपमधली छोटी यादी पुरेशी नाही, पूर्ण स्टेटमेंट उतरवा. प्रत्येक ओळीचं वर्णन वाचा. `ATM` किंवा `ATM WDL` म्हणजे एटीएममधून काढलेली रोख, `POS` म्हणजे दुकानातलं मशीन, `ECOM` म्हणजे ऑनलाइन खरेदी. बँकेगणिक शब्द थोडे बदलतात. `UPI` लिहिलेली ओळ हरवलेल्या कार्डाने झालेली नसते. ती अनोळखी असेल तर वेगळी तक्रार करावी लागेल.

दुकानाचं नाव अनोळखी वाटलं म्हणून लगेच तक्रार करू नका. पाटीवर एक नाव आणि मशीनवर मालकाच्या कंपनीचं दुसरं, असं अनेकदा असतं. रक्कम आणि वेळ आठवून पाहा, घरच्यांना विचारा. उलट दोन-पाच रुपयांची अनोळखी ओळ दुर्लक्षित करू नका. कार्ड चालतंय का हे बघण्यासाठी आधी अशी क्षुल्लक रक्कम वापरली जाते.

तारखांकडेही लक्ष द्या. दुकानातला व्यवहार खात्यात पक्का नोंदला जायला एक-दोन दिवस लागू शकतात, त्यामुळे छापलेली तारीख व्यवहाराच्या खऱ्या वेळेपेक्षा पुढची असू शकते. खरी वेळ एसएमएसमध्ये असते. म्हणून हे मेसेज पुसू नका, आणि ब्लॉक केल्यानंतरही निदान पुढचे दोन महिने स्टेटमेंट पाहत राहा.

८. अनोळखी व्यवहार सापडला. त्यातलं किती नुकसान माझ्या माथी येईल?

याचा आधार रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक. सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक डिसेंबर २०१७ मध्ये निघालं. चूक बँकेची असेल तर तुमची जबाबदारी शून्य. चूक ना बँकेची ना तुमची असेल, तर बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तुम्ही किती दिवसांत कळवलं यावर सगळं ठरतं. तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्यावर प्रत्येक व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० रुपये किंवा व्यवहाराची रक्कम, यातलं जे कमी ते. मूलभूत बचत खात्याला ही मर्यादा ५,००० आहे. सात दिवसांनंतर बँकेचं स्वतःचं धोरण लागू होतं. बँकेच्या संकेतस्थळावर ते ग्राहक संरक्षण धोरण म्हणून दिलेलं असतं.

उदाहरण घेऊ. बचत खातं आहे. शुक्रवारी तीन व्यवहार झाले: मशीनला कार्ड टेकवून ४,८५० आणि ४,६००, आणि एका परदेशी संकेतस्थळावर २८,०००. एकूण ३७,४५० रुपये. मेसेज शुक्रवारीच आले, पण पाहिले गेले नाहीत. मेसेज आला तो दिवस मोजायचा नाही. दुसरा शनिवार आणि रविवार सुट्टीचे, तेही मोजायचे नाहीत. म्हणजे सोमवार पहिला, मंगळवार दुसरा, बुधवार तिसरा.

बुधवारी कळवलं तर तुमच्यावर काहीच येत नाही. गुरुवारी, म्हणजे चौथ्या दिवशी कळवलं तर २८,००० पैकी १०,००० तुमचे. आणि ४,८५० व ४,६०० या रकमा १०,००० पेक्षा लहान असल्याने त्या पूर्णच तुमच्यावर येतात. बेरीज १९,४५०. एका दिवसाची ही किंमत आहे. शिवाय छोट्या व्यवहारांना ती १०,००० ची मर्यादा काहीच संरक्षण देत नाही, हेही यातून दिसतं.

पिन वापरून पैसे गेले असतील तर हिशेब वेगळा, त्यासाठी प्रश्न ११ पाहा.

९. बँकेकडे तक्रार लिहायची कशी? “माझे पैसे गेले” एवढं पुरतं का?

तेवढ्यावर तक्रार फिरत राहते. आधी ग्राहक सेवेला फोन करून तक्रार क्रमांक घ्या आणि मग तेच लेखी द्या. ई-मेल करा, किंवा शाखेत अर्ज देऊन प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. प्रत्येक व्यवहार वेगळ्या ओळीत हवा. मजकूर साधारण असा:

“माझ्या खात्याशी जोडलेलं डेबिट कार्ड (शेवटचे चार आकडे …) हरवलं आहे. मी ते शेवटचं … तारखेला … वाजता वापरलं. … तारखेला … वाजता ते ब्लॉक केलं, तक्रार क्रमांक … . खालील व्यवहार मी केलेले नाहीत आणि त्यांना माझी संमती नव्हती: (तारीख, वेळ, रक्कम, स्टेटमेंटमधलं वर्णन). पिन किंवा ओटीपी मी कुणालाही दिलेला नाही. ही रक्कम अनधिकृत व्यवहार म्हणून खात्यात परत जमा करावी.”

सोबत मेसेजचे स्क्रीनशॉट आणि स्टेटमेंटचं ते पान जोडा. बँकेचा स्वतःचा फॉर्म असेल तर तोही भरा, पण हा अर्ज सोडू नका. एटीएममधून रोख गेली असेल तर त्या वेळचं कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवण्याची मागणी याच अर्जात करा. हे चित्रण ठरावीक काळानंतर पुसलं जातं.

१०. पैसे परत कधी मिळतात?

कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने वादातली रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते, आणि तीही व्यवहार झाला त्या तारखेपासूनची धरून, म्हणजे व्याज बुडत नाही. ही रक्कम खात्यात दिसली तरी काही बँका निकाल लागेपर्यंत ती काढू देत नाहीत. ‘आले पैसे’ म्हणून खर्चाचं नियोजन करू नका.

तक्रारीचा निकाल ९० दिवसांत लागायला हवा. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. “तुम्हीच केलं असेल” असं तोंडी सांगून कुणी बोळवण करत असेल तर कारण लेखी मागा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

११. पिन कार्डाच्या पाकिटातच लिहून ठेवला होता आणि त्यावरून पैसे काढले गेले. काही मिळेल का?

पिन लिहून ठेवणं किंवा कुणाला सांगणं हा ग्राहकाचा निष्काळजीपणा धरला जातो. अशा वेळी बँकेला कळवेपर्यंत झालेलं सगळं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेचं, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. पहिला व्यवहार दहाला, तुम्ही ब्लॉक केलं सव्वादहाला, दुसरा व्यवहार साडेदहाला, तर दुसऱ्या व्यवहाराचे पैसे मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. स्वतःची चूक झाली या लाजेपोटी गप्प बसू नका.

पिन कुठेही लिहिला नव्हता आणि तरीही पिनने पैसे गेले, तर तसं अर्जात स्पष्ट लिहा. बँक आधी निष्काळजीपणाच गृहीत धरू पाहील. अशा वेळी कॅमेऱ्याचं चित्रण हाच तुमचा मोठा आधार (प्रश्न ९).

१२. पोलिसांत जावंच लागतं का?

कार्ड ब्लॉक करायला आणि नवं घ्यायला सहसा नाही. पैसे गेले असतील तर मात्र जा. १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. मात्र १९३० वर केलेली तक्रार म्हणजे बँकेला कळवणं नव्हे. बँकेकडचे दिवस बँकेला कळवल्यावरच थांबतात.

१३. नवं कार्ड कसं मिळतं आणि पिन जुनाच चालतो का?

ब्लॉक करतानाच अनेक ॲप नवं कार्ड हवं का असं विचारतात. तिथे हो म्हणण्याआधी बँकेत नोंदलेला पत्ता वाचा. कार्ड त्याच पत्त्यावर जातं, आणि घर बदललेलं असेल तर ते परत फिरतं. घाई असेल तर शाखेत नाव न छापलेलं तयार कार्ड लगेच मिळतं का ते विचारा. बदली कार्डाचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी खात्यातून कापला जातो. स्टेटमेंटमध्ये ती ओळ दिसली तर दचकू नका.

पिन जुना चालत नाही. एटीएमवर किंवा ॲपमध्ये ओटीपी टाकून नवा ठरवायचा असतो. नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांसाठी चालू होऊन येतं. ऑनलाइन, टेकवून पैसे देणं आणि आंतरराष्ट्रीय वापर हे तुम्ही स्वतः चालू करायचं. नवं कार्ड ऑनलाइन चालत नाही अशी तक्रार करण्याआधी हे बटण बघा.

१४. जुन्या कार्डावर दर महिन्याला कापली जाणारी वर्गणी आणि हप्ते यांचं काय?

कार्डावरून दिलेली परवानगी जुन्या कार्डाबरोबर थांबते, ती नव्या कार्डाने पुन्हा द्यावी लागते. खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेलं कार्डही नव्याने जोडावं लागतं. खात्यावरून थेट कापला जाणारा कर्जाचा हप्ता किंवा यूपीआयची स्वयंचलित देयकं यांवर काहीच परिणाम होत नाही. विम्याचा हप्ता कार्डावर असेल तर आधी तो बदला, कारण तो चुकला तर पॉलिसी अडचणीत येऊ शकते.

१५. ब्लॉक केल्यानंतरही पैसे कापले गेले. असं कसं?

आधी एसएमएसमधली व्यवहाराची वेळ बघा. हॉटेलात किंवा पेट्रोल पंपावर ब्लॉक करण्याआधी मंजूर झालेला व्यवहार नंतर खात्यात उतरू शकतो. तो तुमचाच असेल तर प्रश्न नाही. व्यवहाराची खरी वेळ ब्लॉकनंतरची असेल तर ते नुकसान बँकेचं. ब्लॉकची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून प्रश्न ९ प्रमाणे अर्ज द्या.

१६. जुन्या कार्डाने घेतलेली वस्तू परत केली. परतावा ब्लॉक कार्डावर गेला तर बुडेल का?

सहसा नाही. जुना नंबर कोणत्या खात्याचा होता हे बँकेला माहीत असतं, त्यामुळे पैसे खात्यातच जमा होतात. आठवड्या-दीड आठवड्यात आले नाहीत तर विक्रेत्याकडून परताव्याचा एआरएन, म्हणजे २३ आकडी संदर्भ क्रमांक मागा आणि बँकेला द्या. बँकेला तो परतावा शोधायला हा क्रमांक लागतो.

१७. कार्ड हरवलं नाही, एटीएममध्ये अडकलं. तेही ब्लॉक करायचं?

हो, आणि मशीनसमोर उभं राहूनच. अडकवायची पट्टी मुद्दाम बसवलेली असू शकते. मदतीला आलेला अनोळखी माणूस “पिन पुन्हा दाबून बघा” म्हणाला तर दाबू नका. तो पिन बघतो, तुम्ही गेलात की कार्ड ओढून काढतो. खोलीतल्या भिंतीवर चिकटवलेल्या नंबरवरही फोन करू नका, बँकेचा नंबर प्रश्न ३ मध्ये सांगितल्याप्रमाणेच घ्या.

१८. ब्लॉक केल्यावर कार्ड सापडलं. आता ते वापरता येईल?

कायमचं ब्लॉक केलं असेल तर नाही. चिप आणि काळी पट्टी दोन्ही कापली जातील असे तुकडे करा. पण टाकण्याआधी प्रश्न ७ ची तपासणी पूर्ण करा. सापडलेलं कार्ड मधल्या काळात कुणाच्या हातात होतं का, हे त्याच्याकडे बघून कळत नाही, आणि त्यावरचे आकडे एका फोटोत मावतात.